फळ्याचा फोटो आणि टेकडीचं पाणी : एका बैठकीनंतरचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं १,८०० वस्तीचं एक गाव धरू. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत पाणी समितीची बैठक होते. विषय एकच, उन्हाळ्यात पाणी कसं सोडायचं. भिंतीवर शाळेतून आणलेला व्हाइटबोर्ड आहे. दीड तासात तो पूर्ण भरतो आणि शेवटी सरपंचताई मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. खाली ओळ असते, ‘कोणीतरी नीट करून टाका.’ ती ओळ येऊन पडते संगणक परिचालकाच्या गळ्यात, कारण गावात ‘नीट करणं’ म्हणजे त्याचंच काम.

या प्रकरणात अडचण त्या ‘नीट’ शब्दात आहे. फळ्यावरचं सगळं स्वच्छ टाइप करून देणं हे नीट. कोणी काय कधीपर्यंत करायचं त्याची यादी काढणं हेही नीट. मधोमध काढलेली पाइपलाइनची आकृती पुन्हा रेखून देणं, तेही नीटच. पण ही तीन वेगवेगळी कामं आहेत, ती वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत, आणि प्रत्येकात फोटोतलं काहीतरी गळून पडतं.

फळ्यावर होतं काय

डावीकडे हिशोब होता. विहिरीची मोटर तासाला १५,००० लिटर पाणी टाकीत चढवते, पण मार्चअखेरीस विहीर दिवसाला ४ तासच दम धरते. म्हणजे ६०,००० लिटर. त्याला १,८०० ने भागलं की माणशी ३३ लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं आहे, तेही कोणीतरी बाजूला लिहून त्याला गोल केलेला.

मधोमध आकृती. वर चौकोन म्हणजे ५०,००० लिटरची उंच टाकी. तिच्याखाली मुख्य व्हॉल्व्ह, म्हणजे क्रमांक १. तिथून लाइन निघते. पहिल्या टीवर, म्हणजे तीन तोंडांच्या जोडावर, डावीकडे जुन्या गावठाणाचा फाटा, त्यावर व्हॉल्व्ह २. लाइन सरळ पुढे बसस्टँडजवळच्या दुसऱ्या टीला जाते. तिथून एक फाटा बसस्टँडच्या वस्तीकडे आणि दुसरा टेकडीवरच्या घरकुलांकडे. टेकडीच्या फाट्यावर व्हॉल्व्ह ४. व्हॉल्व्ह ३ याच दुसऱ्या टीजवळ कुठेतरी काढलेला, आणि नेमक्या त्याच जागी ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडला होता.

उजवीकडे वेळापत्रक. सकाळी ६ ते ६.४० फक्त टेकडी, ६.४५ ते ८ गावठाण, संध्याकाळी ५ ते ६ बसस्टँड. लागू १ एप्रिलपासून. ‘टेकडी आधी’ हे लाल रंगात, दोनदा अधोरेखित.

तळाला घाईघाईत लिहिलेल्या ओळी : ‘९० मिमी पाइप ४ नग’, ‘विहीर अधि. पाटील’, ‘टँकर?’, ‘टिल्लू पंप नोटीस’, ‘टीसीएल संपत आलं’.

आधी फोटोकडे बघा

काही टाइप करण्याआधी फोटो शंभर टक्के वाचता येतो का ते बघायचं, आणि येत नसेल तर फळा पुसण्याआधी दुसरा मागायचा. ही मुदत एका रात्रीचीच असते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर घरपट्टीचे आकडे लिहिले जातात. चमक घालवायला दिवा बंद करायची गरज नसते. दोन पावलं बाजूला सरकून तिरपा फोटो काढला की पट्टा दुसरीकडे सरकतो. एक समोरून आणि एक तिरपा, असे दोन फोटो मिळून एक पूर्ण फळा वाचता येतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक आकडे फुटतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो.

दुसरी चूक स्कॅनच्या ॲपमध्ये होते. कागद स्कॅन करायची सवय असलेला माणूस फळ्यालाही काळापांढरा फिल्टर लावतो. अक्षर एकदम ठसठशीत दिसतं, म्हणून छान वाटतं. पण त्या फिल्टरमध्ये सुकत आलेल्या हिरव्या मार्करच्या रेघा पार उडतात आणि लाल-निळा फरक राहत नाही. या फळ्यावर निळ्या रेघा म्हणजे असलेली लाइन आणि लाल म्हणजे करायचं काम, असा अलिखित नियम होता. ‘टेकडी आधी’ हेही लाल होतं. काळ्यापांढऱ्यात ती चार ओळींमधली एक साधी ओळ होऊन बसते. रंगीत मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवायचा आणि वाचायला सोपी केलेली प्रत वेगळी ठेवायची.

तिन्हींतून आधी काय

संगणक परिचालकाचा हात साहजिकच पहिल्या कामाकडे जातो, म्हणजे सगळं टाइप करून एक पानाची पीडीएफ. डोकं कमी लागतं आणि काम झाल्यासारखं दिसतं. माझ्या मते इथे तोच सर्वांत वाईट पर्याय आहे. फळ्यावर काही गोष्टी ठरलेल्या असतात, काही नुसत्या बोलल्या गेलेल्या, काही खोडायच्या राहून गेलेल्या. हा फरक हस्ताक्षरात, बाणात, प्रश्नचिन्हात आणि जागेत असतो. टाइप केलं की सगळ्या ओळी एकाच उंचीच्या होतात. ‘टँकर?’ मधलं प्रश्नचिन्ह टाइप करताना ‘टँकर मागविणे’ असं सुधारलं जातं, कारण नुसतं ‘टँकर?’ अर्धवट दिसतं. मग जो विषय बैठकीत कोणी तरी सुचवला आणि बाजूला ठेवला, तो निर्णय म्हणून गावात फिरतो आणि दुसऱ्या दिवशी लोक विचारायला येतात, टँकर कधी येणार म्हणून.

निवड करताना फोटो पुढे कोण उघडणार आणि उघडून हातानं काय करणार, एवढं विचारलं की पुरतं. सरपंचताई उघडतील त्या कामं कुठवर आली हे बघायला. पाणी सोडणारा कर्मचारी उघडेल तो पहाटे कोणता वॉल फिरवायचा ते बघायला (गावात व्हॉल्व्हला वॉलच म्हणतात). ग्रामसेवक उघडतील ते प्रोसिडिंग लिहिताना. पहिल्याला यादी हवी, दुसऱ्याला आकृती, तिसऱ्याला टिपण.

क्रम मात्र कोणाचा मान मोठा यावर ठरत नाही. लवकर विसरलं जाणारं आधी. कोण काय करणार हे फळ्यावर सर्वांत तोकडं लिहिलेलं असतं आणि ते फक्त बसलेल्यांच्या डोक्यात पूर्ण असतं, दोन दिवसांत ते विरतं. म्हणून यादी त्याच रात्री. आकृती जमिनीत पुरलेली आहे, ती कुठे पळत नाही. पण तिला जाऊन बघावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी. टिपण शेवटी.

यादी : पाच ओळींत तीन शंका

कामाच्या यादीची एक ओळ पूर्ण व्हायला काम, एका माणसाचं नाव आणि तारीख लागते. फळ्याच्या तळच्या पाच ओळींपैकी एकाही ओळीत हे तिन्ही नाही.

‘विहीर अधि. पाटील’ ही ओळ सर्वांत फसवी. उन्हाळ्यात खाजगी विहीर अधिग्रहित करणं ही ग्रामीण भागातली नेहमीची गोष्ट. त्याला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो आणि प्रस्ताव पंचायत समितीमार्फत वर जातो. पण इथे पाटील हे विहिरीचे मालक, की त्या कामाची जबाबदारी घेतलेले सदस्य? फोटोत दोन्ही अर्थ सारखेच बसतात. मालक समजून प्रस्तावाच्या कागदात पाटलांचा गट क्रमांक टाकला आणि विहीर दुसऱ्याची निघाली, तर कागद परत येतो आणि आठवडा जातो. एका फोनचं काम असतं. सरपंचताई सांगतात, ‘विहीर देशमुखायची हाये, पाटील त्यायच्याशी बोलनार हायेत.’

दुसरी शंका आकड्याची. आपल्याकडे फळ्यावर मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच ओळीत नांदतात. वेगात लिहिलेला मराठी चार आणि इंग्रजी आठ सारखेच दिसतात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचंही तसंच. ‘९० मिमी पाइप ४ नग’ मधला चार खरंच चार आहे का? उत्तर फळ्यावरच सापडतं. आकृतीत बसस्टँडच्या फाट्यावर एका तुकड्याला लाल रेघ मारून ‘फुटकी, २४ मी.’ लिहिलं होतं. पीव्हीसी पाइपाचा नग ६ मीटरचा येतो, तेव्हा चोवीस मीटरला चार. आकडा जुळला. जिथे फळ्यावर असा दुसरा पुरावा नसतो तिथे अंदाजानं आकडा पक्का करायचा नाही, विचारायचा.

तिसरी शंका ‘टँकर?’ची. ठरलेलं नाही, म्हणून ते कामांच्या यादीत जात नाही. पण पुसूनही टाकायचं नाही. यादीखाली रेघ मारून ‘न ठरलेलं’ असा एक वेगळा कप्पा, त्यात हे प्रश्नचिन्हासकट. बाकीच्या दोन ओळी सोप्या. टिल्लू पंपाची नोटीस, म्हणजे नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांना द्यायची ताकीद, ती ग्रामसेवक काढणार. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची मागणी जलसुरक्षक देणार. तारखा विचारून घेतल्या आणि रात्री ९ वाजता ग्रुपवर गेलेली यादी अशी झाली :

देशमुखांशी विहिरीबाबत बोलणं : पाटील, ३० मार्चपर्यंत
टिल्लू पंप नोटीस : ग्रामसेवक, ३१ मार्च
टीसीएल मागणी : जलसुरक्षक, २९ मार्च
९० मिमी पाइप ४ नग खरेदी : उपसरपंच, आकृती तपासल्यावर
न ठरलेलं : टँकर?

चौथ्या ओळीतलं ‘आकृती तपासल्यावर’ हे मुद्दाम आहे. ज्या ठिकाणचा पाइप घ्यायचा, नेमकं तेच ठिकाण फोटोत चमकेखाली होतं. तिथे काय आहे हे कळेपर्यंत दुकानात जाऊ नये.

आकृती : व्हॉल्व्ह ३ कुठे आहे

आकृती पुन्हा रेखणं म्हणजे सुबक अक्षर आणि सरळ रेघा, असं बहुतेकांना वाटतं. खरं पाहता हाताच्या आकृतीत ज्या गोष्टी मोघम चालतात त्या स्वच्छ आकृतीत चालत नाहीत. मार्करनं काढलेला गोळा टीच्या अलीकडे की पलीकडे, हे फळ्यावर धूसर राहू शकतं. कागदावर रेखताना पेन कुठेतरी टेकवावाच लागतो. आणि टेकवला की ते खरं दिसायला लागतं.

व्हॉल्व्ह ३ च्या बाबतीत दोन शक्यता. तो टीच्या पलीकडे, बसस्टँडच्या फाट्यावर असेल तर बसस्टँड आणि टेकडी वेगवेगळी बंद-चालू करता येतात. टीच्या अलीकडे असेल तर तो बंद केल्यावर दोन्ही बंद, आणि उघडल्यावर बसस्टँडला पाणी जाणारच. तिथलं पाणी थांबवायला स्वतंत्र व्हॉल्व्ह उरत नाही.

फळ्यावरून तर्क केला तर पहिलीच शक्यता खरी वाटते. वेळापत्रकात लिहिलंय, ‘६ ते ६.४० फक्त टेकडी’. व्हॉल्व्ह ३ अलीकडे असेल तर हे शक्यच नाही. वेळापत्रकही कोणी अंदाजानं टाकलेलं दिसत नाही. टेकडीची वस्ती ४००, माणशी ३३ लिटर म्हणजे १३,२०० लिटर, ते ४० मिनिटांत. गावठाण ७८० माणसं, २५,७४० लिटर, ७५ मिनिटांत. बसस्टँड ६२० माणसं, २०,४६० लिटर, ६० मिनिटांत. तिन्हीकडे मिनिटाला साधारण ३३० ते ३४५ लिटर येतात. ज्यानं वेळा ठरवल्या त्यानं हिशोब केलेला आहे. मग व्हॉल्व्हही त्याला ठाऊक असणार, असं वाटतं.

इथेच थांबावं लागतं. हिशोब बरोबर आहे यावरून एवढंच कळतं की लिहिणाऱ्याला गणित येतं. जमिनीखाली काय आहे हे त्याला माहीत आहे, असं त्यावरून कळत नाही. फळ्यावरचा एक भाग दुसऱ्या भागाशी जुळणं पाइपाच्या नगाला पुरलं, कारण तिथे दोन्ही गोष्टी मोजलेल्या होत्या. इथे एक गोष्ट मोजलेली आहे आणि दुसरी गृहीत धरलेली. म्हणून त्या जागी तुटक रेघ आणि बाजूला प्रश्नचिन्ह टाकून कच्ची आकृती घेऊन पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जायचं. त्याला ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारू नये, तो भिडेखातर ‘हो’ म्हणेल. विचारायचं असं : ‘दादा, तीन नंबरचा वॉल बंद केला तर कोनाकोनाच्या नळाले पानी येत नाही?’

उत्तर येतं, ‘स्टँडवर बी नाही येत, टेकडीवर बी नाही.’

म्हणजे व्हॉल्व्ह टीच्या अलीकडे आहे. चेंबरचं झाकण उघडून बघितल्यावर तेच दिसतं. लाइन चेंबरमधून बाहेर निघते आणि त्यानंतर चार-पाच फुटांवर फाटा फुटतो. फळ्यावरचं वेळापत्रक जसं लिहिलंय तसं पाळताच येणार नाही. १ एप्रिलला सकाळी ६ वाजता व्हॉल्व्ह ३ आणि ४ उघडले असते तर पाणी आधी सखल भागातल्या बसस्टँडच्या नळांना धावलं असतं आणि टेकडीच्या तोट्यांतून नुसती हवा निघाली असती. कर्मचाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असतं. ‘टेकडीवर पानी चढाले स्टँड बंद पायजे, पन बंद कराले वॉलच नाही तिथं.’ बैठकीत त्याला कोणी विचारलेलं नसतं, आणि फळ्यापासून तो दाराजवळ उभा असतो.

तर्कावर विसंबून स्वच्छ आकृती काढली असती तर ती फळ्यापेक्षा वाईट ठरली असती. फळ्यावर निदान तिथे धूसर पट्टा होता. छापील आकृतीत ठळक, चुकीचा व्हॉल्व्ह असता आणि तो बघून नवीन माणूस पहाटे तासभर पाना फिरवत बसला असता.

आता यादीची चौथी ओळ बदलते. बसस्टँडचा फाटा फुटक्या तुकड्यासाठी उकरायचाच आहे. त्याच खोदाईत टीच्या लगेच पलीकडे नवीन स्लूस व्हॉल्व्ह बसतो, क्रमांक ५. म्हणून खरेदीत ४ नग पाइपांसोबत एक ९० मिमी पाइपाच्या मापाचा स्लूस व्हॉल्व्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीशी जोडायला टेलपीस, आणि चेंबरसाठी विटा-सिमेंट. व्हॉल्व्ह टीला अगदी चिकटवू नये. पुढे जोड गळला तर पाना फिरवायला आणि नट खोलायला जागा लागते. हे काम ३१ मार्चच्या आत व्हायला हवं, नाहीतर वेळापत्रकाची तारीख पुढे ढकलायची. ते ठरवण्याचा अधिकार आकृती काढणाऱ्याचा नाही. त्यानं फक्त सरपंचताईंना कळवायचं की फळ्यावरच्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

पक्की आकृती मग ए-थ्री कागदावर हातानं काढली तरी चालते. संगणकावर काढण्याचा अट्टहास नको. कर्मचाऱ्यानं पेनानं दुरुस्ती करता आली पाहिजे. मोजमापाला धरून नसली तरी चालेल, पण फाटे ज्या क्रमानं फुटतात तो क्रम चुकता कामा नये. व्हॉल्व्हचा क्रमांक कागदावर जो, तोच चेंबरच्या झाकणावर ऑइलपेंटनं. उघडून बघितलेली लाइन सलग रेघेनं, ऐकीव लाइन तुटक रेघेनं. कोपऱ्यात तारीख. आणि आकृतीखाली छोटा तक्ता, कोणत्या वेळी कोणता व्हॉल्व्ह उघडा, कोणता बंद. टेकडीच्या वेळी १, ३, ४ उघडे आणि २, ५ बंद. गावठाणाच्या वेळी १, २ उघडे आणि ३ बंद. बसस्टँडच्या वेळी १, ३, ५ उघडे आणि २, ४ बंद. पाणी सोडणाऱ्याला खरा उपयोग या तक्त्याचाच. आकृती तक्ता समजायला लागते.

उरलेलं टिपण

टिपणाचं काम आता थोडंच राहतं. बैठकीचा अधिकृत कागद प्रोसिडिंग बुक, ते ग्रामसेवक लिहितात आणि सदस्य सह्या करतात. फळ्याचा फोटो त्याची जागा घेत नाही. त्यांना लागतो तो डावीकडचा हिशोब, कारण माणशी ३३ लिटर हा आकडा अधिग्रहणाच्या प्रस्तावात कारण म्हणून येणार आहे. म्हणून टिपणात हिशोब पायऱ्यांसकट द्यायचा : तासाला १५,००० लिटर, ४ तास, एकूण ६०,०००, भागिले १,८००. एकच काळजी, वेळापत्रक टिपणात उतरवताना ते बैठकीत ठरलं तसंच उतरवायचं. व्हॉल्व्ह ५ बैठकीत नव्हता, त्यामुळे तो टिपणात घुसडायचा नाही. तो नंतर कळलेला मुद्दा म्हणून तारखेसह खाली. नाहीतर दोन महिन्यांनी बिलावर हरकत निघते की हा व्हॉल्व्ह कोणत्या बैठकीत मंजूर झाला.

मूळ रंगीत फोटो या तिन्हींसोबत एकाच फोल्डरमध्ये, बैठकीची तारीख नावात घालून ठेवायचा. आकृती पंपहाउसच्या आतल्या भिंतीवर, लॅमिनेट करून, दाराच्या उलट बाजूला, म्हणजे पावसाचा ओलावा लागत नाही. १ एप्रिलला सकाळी ६ वाजता टेकडीच्या शेवटच्या घरकुलाच्या तोटीखाली २० लिटरची बादली लावायची आणि ती किती मिनिटांत भरते ते तक्त्याशेजारी पेन्सिलीनं लिहायचं.